‘हार्ड’, ‘हार्डली’ आणि खरेदीदाराचे तीन प्रश्न

*नमस्कार मॅडम,*

*पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये मी एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि मेल सांभाळते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. गेल्या आठवड्यात नेदरलँड्सच्या खरेदीदाराला कंटेनरबद्दल कळवताना मी लिहिलं: ‘आवर वर्कर्स हॅव हार्डली वर्क्ड धिस सीझन. द रेन्स स्टॉप्ड लेटली, सो द हार्वेस्ट इज डिलेड. द लोडिंग इज नॉट नियरली कम्प्लीट.’ मला म्हणायचं होतं की मजुरांनी खूप मेहनत केली, पाऊस उशिरा थांबल्यामुळे काढणी लांबली, आणि लोडिंग जवळजवळ झालंय, थोडंच राहिलंय. 20 पैकी 18 पॅलेट चढलेसुद्धा होते. तासाभरात उलट मेल आला: मजुरांचा काही प्रॉब्लेम आहे का? फळावर पाऊस पडला का? कंटेनर बंदरात वेळेवर पोचणार का? मालक खूप चिडले. कॉम्प्युटरनं एकाही शब्दाखाली लाल रेघ दाखवली नव्हती. मग चुकलं कुठे? क्रियाविशेषणाला ‘ली’ लागतो असंच शाळेत शिकवलं ना? आता ‘ली’ लावणंच सोडून देऊ का?*

*— एक वाचक, पिंपळगाव बसवंत*

नमस्कार,

आधी खरेदीदाराचं समाधान करू, मग व्याकरणाकडे येऊ. त्यांना आजच एक छोटा मेल पाठवा. त्यात माफीचा एक शब्द पुरे, बाकी सगळी माहिती द्या: ‘आवर वर्कर्स हॅव वर्क्ड व्हेरी हार्ड धिस सीझन. द मॉन्सून एंडेड लेट, सो वी प्रून्ड लेट. देअर हॅज बीन नो रेन ऑन द फ्रूट. एटीन ऑफ ट्वेंटी पॅलेट्स वेअर लोडेड व्हेन आय रोट टू यू.’ फळावर पाऊस पडला नाही हे वाक्य बागेच्या नोंदी पाहून, खात्री करूनच लिहा. उरलेले दोन पॅलेट कधी चढले आणि कंटेनर कधी निघाला, तेही लगेच पुढे जोडा. आकडे आणि तारखा दिल्या की अर्थाला फाटे फुटायला जागा राहत नाही.

आता लाल रेघेचं. ती आली नाही, कारण तुमची तिन्ही वाक्यं इंग्रजी म्हणून उभी राहतात. स्पेलिंग बरोबर, रचना सरळ. फक्त त्यांचा अर्थ तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळा निघतो, आणि पहिल्या व तिसऱ्या वाक्यात तर थेट उलटा. खरेदीदारानं वाचलं ते असं: यंदा मजुरांनी जेमतेमच काम केलंय, पाऊस आत्ता कुठे थांबलाय, आणि लोडिंग पूर्ण व्हायला अजून खूप अवकाश आहे. यावर त्यांनी ते तीन प्रश्न विचारले नसते तरच नवल. चुकीचं स्पेलिंग वाचणाऱ्याला खटकतं, मग तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. या शब्दांचं तसं होत नाही. वाक्य सुरळीत वाचलं जातं, म्हणून वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो.

शाळेतला नियम खोटा नाही. विशेषणाला ‘ली’ लावलं की बहुतेक वेळा क्रियाविशेषण मिळतं: केअरफुल, केअरफुली, सेफ, सेफली. पण काही जुने, छोटे शब्द या नियमाच्या आधीपासून क्रियाविशेषण म्हणून वावरत आहेत. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘हार्ड’चं क्रियाविशेषण करायला शेवटी नुसता ‘ए’सारखा एक स्वर जोडायचे. 15व्या शतकापर्यंत तो स्वर बोलण्यातून गळून गेला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दिसायला एक झाले. ‘हार्ड वर्क’मधला हार्ड विशेषण, ‘वर्क हार्ड’मधला क्रियाविशेषण. ‘फास्ट’ची गोष्टही हीच, म्हणून ‘फास्टली’ असा शब्द इंग्रजीत चालत नाही. ‘लेट’सुद्धा त्यातलाच.

मग ‘हार्डली’ कुठून आला? तोही जुनाच आहे, आणि सुरुवातीला त्याचा अर्थ ‘जोरानं, जोमानं’ असाच होता, म्हणजे तुम्हाला हवा होता तोच. पुढे तो ‘कष्टानं, मुश्किलीनं’ या अर्थाकडे सरकला. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात किती ‘हार्डली’ शिरेल असं वाक्य आहे, तिथे अर्थ ‘किती कष्टानं’ असा आहे. आणि जे कष्टानं होतं ते फार थोडंच होतं, या वाटेनं हा शब्द ‘जेमतेम, नसल्यासारखंच’ या आजच्या अर्थापर्यंत पोचला. आपल्याला हा प्रवास परका वाटू नये. ‘सभेला मुश्किलीनं दहा माणसं आली’ असं आपण म्हणतो तेव्हा त्या दहांना यायला कष्ट पडले असं आपल्याला म्हणायचंच नसतं. माणसं फार कमी होती, एवढंच म्हणायचं असतं. ‘मुश्किलीनं’ हा शब्द मराठीत त्याच रस्त्यानं गेला.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या लक्षात आणून द्यायची आहे. ‘हार्डली’चा खरा अर्थ तुम्हाला आधीपासून येतो. नाशकात कुणीही सांगेल, ‘सीबीएसवरून शालिमार ना? चालत हार्डली दहा मिनिटं.’ ‘या महिन्यात हार्डली दोन गाड्या लागल्या.’ ही वाक्यं ऐकून कुणी ‘कष्टानं दहा मिनिटं’ असा अर्थ घेत नाही. इंग्रजीत आकड्याआधी ‘बेअरली’ जास्त ऐकू येतं, पण अर्थाची दिशा तीच. बोलताना शब्द कानानं निवडला जातो आणि बरोबर येतो. मेल लिहायला बसलं की शाळेतला नियम पुढे होतो आणि कानाला गप्प बसवतो. म्हणून इंग्रजी वाक्यात ‘हार्डली’ लिहिलंत की तोच शब्द मराठी वाक्यात टाकून बोलून बघा: ‘आमच्या मजुरांनी यंदा हार्डली काम केलं.’ ऐकताक्षणी तुम्हीच दचकाल.

दुसरी खूण जागेची आहे. ‘हार्ड’ क्रियापदाच्या मागून येतो, कर्म असेल तर कर्माच्याही मागून: दे वर्क हार्ड. इट रेन्ड हार्ड. ही हिट द बॉल हार्ड. ‘हार्डली’ मुख्य क्रियापदाच्या आधी येतो, आणि हॅव, कॅन, इज असं काही असेल तर त्याच्या लगेच नंतर: दे हार्डली वर्क. आय कॅन हार्डली हिअर यू. देअर इज हार्डली एनी स्पेस इन द कोल्ड स्टोरेज. तुमच्या वाक्यात ‘हॅव’ आणि ‘वर्क्ड’च्या मध्ये तो शब्द अगदी स्वतःच्या हक्काच्या जागी बसला होता, म्हणून गैरसमज इतका पक्का झाला. ‘दे वर्क्ड हार्डली’ असं लिहिलं असतंत, तर जागा विचित्र वाटून वाचणारा निदान थबकला असता. नोकरीच्या अर्जांत ‘आय विल वर्क हार्डली’ हे वाक्य मी वारंवार पाहते. तिथे वाचणाऱ्याला चूक आहे एवढं कळतं, पण उमेदवाराला काय म्हणायचंय हे त्याला अंदाजानं ठरवावं लागतं.

जागेच्या खुणेला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या भागात कधी ना कधी लागेलच. निफाड, दिंडोरीकडे गारपीट झाली आणि विम्यासाठी किंवा खरेदीदाराला इंग्रजीत कळवायचं असलं, तर ‘द विनयार्ड्स वेअर हार्ड हिट बाय हेल’ असं लिहितात. म्हणजे बागांना गारांचा जबर फटका बसला. इथे ‘हार्ड’ शब्द ‘हिट’च्या आधी आलाय, आणि तरी तो बरोबर आहे. याच जागी कुणी नियम आठवून ‘हार्डली हिट’ लिहिलं, तर अर्थ होतो ‘बागांना फारसं काही झालं नाही’. नुकसानीच्या पत्रात दोन अक्षरांनी केवढा फरक पडतो पाहा. अशी पत्रं लिहिताना मी तर हा शब्दच टाळायला सांगेन. ‘सिव्हिअरली डॅमेज्ड’ लिहा. तिथे ‘ली’ हवाच, आणि अर्थ एकच निघतो.

‘हार्डली’च्या पोटात नकार असतो, हेही ध्यानात ठेवा. मराठीत आपण ‘मला नीट ऐकूच येत नाही’ असं ‘नाही’ घालून बोलतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय कान्ट हार्डली हिअर’ लिहावंसं वाटतं. शिष्ट लेखनात दोन नकार एकत्र येत नाहीत, ‘आय कॅन हार्डली हिअर’ पुरेसं आहे. त्याच कारणानं त्याच्यामागे ‘सम’ न येता ‘एनी’ येतं: हार्डली एनी बॉक्सेस, म्हणजे जवळपास एकही पेटी नाही.

‘लेट’ आणि ‘लेटली’ यांत उलटेपणा नाही, पण तुमच्या मेलमध्ये जास्त धोका याच जोडीनं निर्माण केला असं मला वाटतं. ‘लेट’ म्हणजे उशिरा. ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, हल्ली, गेले काही दिवस. तुम्हाला सांगायचं होतं की पाऊस लांबला, त्यामुळे गोडी छाटणी पुढे ढकलावी लागली, कारण कोवळ्या फुटीवर पाऊस झाला की डावणी हा बुरशीजन्य रोग येतो. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात, म्हणजे छाटणी पुढे गेली की काढणीही तितकीच पुढे जाते. यात फळाच्या दर्जाला कुठेच धक्का नाही. पण ऐन काढणीच्या दिवसांत आलेल्या मेलमध्ये ‘द रेन्स स्टॉप्ड लेटली’ वाचलं की चित्र वेगळंच दिसतं: अगदी परवापरवापर्यंत पाऊस चालू होता, मणी पिकत असताना. पिकत्या मण्यांवर पाऊस म्हणजे मणी तडकणं आणि घडात कूज, हे तुमच्या खरेदीदारालाही ठाऊक आहे. ‘सो द हार्वेस्ट इज डिलेड’ हा पुढचा तुकडा या चुकीच्या अर्थाशीही नीट जुळला. म्हणून त्यांचा दुसरा प्रश्न अगदी रास्त होता. आता तीनपैकी एकच गोष्ट आधी स्पष्ट करायची असेल, तर पावसाची करा.

या जोडीची परीक्षा सोपी आहे. शब्दाच्या जागी मराठी ‘हल्ली’ घालून वाचा. ‘पाऊस हल्ली थांबला’ हे तुम्हाला म्हणायचं नव्हतं, म्हणजे ‘लेटली’ नको. शिवाय ‘लेटली’ला सहसा ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ची सोबत लागते, कारण तो आजपर्यंत चालत आलेल्या काळाबद्दल बोलतो: वी हॅव हॅड कोल्ड नाइट्स लेटली. साध्या भूतकाळातल्या एकाच घटनेला तुम्ही ‘लेटली’ लावत असाल, तर बहुतेक वेळा तुम्हाला ‘लेट’ हवा असतो, किंवा ‘नुकतंच’ म्हणायचं असेल तर ‘रीसेंटली’.

राहिली तिसरी जोडी. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. मराठीनं हा फरक शब्द दोनदा म्हणून किती नेमका केलाय! गडबड होते ती ‘जवळपास’मुळे, कारण तो दोन्हीकडे चालतो: ‘जवळपास एखादा पेट्रोलपंप आहे का?’ आणि ‘जवळपास 20 पॅलेट’. मनात ‘जवळपास’ असला की हात कधी ‘नियर’ लिहितो, कधी ‘नियरली’. अंतर सांगायचं तर ‘द पॅकहाउस इज नियर ओझर’, आणि प्रमाण किंवा पूर्णता सांगायची तर ‘नियरली’. त्यातही आपला ‘जवळपास 20’ 19 असेल किंवा 21 असेल, पण इंग्रजीतला ‘नियरली ट्वेंटी’ नेहमी 20 च्या खालीच थांबतो. मालाच्या यादीबद्दल लिहिताना थोडं वर-खाली चालणार असेल, तर ‘अबाउट’ वापरा.

तुमचं वाक्य मात्र ‘नॉट’मुळे फिरलं. ‘नियरली कम्प्लीट’ म्हणजे जवळजवळ पूर्ण. तुम्ही विचार केलात की पूर्ण नाही, पण जवळजवळ पूर्ण आहे, आणि दोन्ही शब्द एकत्र ठेवलेत. इंग्रजीत ‘नॉट नियरली’ हा एकच घट्ट तुकडा आहे आणि त्याचा अर्थ ‘पूर्णतेच्या जवळपासही नाही’ असा होतो. ‘नॉट नियरली इनफ’ म्हणजे पुरेशापेक्षा फारच कमी. थोडंसंच राहिलंय असं सांगायला ‘नॉट क्वाइट कम्प्लीट’ किंवा नुसतं ‘नियरली कम्प्लीट’ पुरतं. ‘हार्डली’मध्ये नकार आत दडलेला असतो म्हणून ‘नॉट’ बाहेर ठेवायचा, आणि ‘नियरली’मध्ये नकार नसतो, तरी ‘नॉट’ लावला की तो अर्थाला पार दुसऱ्या टोकाला नेतो. ही दोन्ही वागणी एका नियमात बसत नाहीत, तेव्हा ती वेगवेगळीच लक्षात ठेवावी लागतील.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, ‘ली’ सोडू नका. ‘पॅक केअरफुल’ किंवा ‘द कंटेनर रीच्ड सेफ’ लिहू लागलात तर दुसरीकडे चुकाल. ‘स्लो’ आणि ‘स्लोली’सारख्या जोड्यांत अर्थ एकच राहतो, तिथे फार तर भाषा थोडी बोलीतली वाटेल. सांभाळायच्या आहेत त्या मोजक्याच, आणि तुमच्या कामात या तिघींशिवाय आणखी दोन लागतील. ‘हाय’ म्हणजे उंचावर: पॅलेटवर पेट्या ‘स्टॅक्ड हाय’ असतात. ‘हायली’ म्हणजे अतिशय: द्राक्षं ‘हायली पेरिशेबल’, म्हणजे फार नाशवंत. तिथे ‘हाय पेरिशेबल’ चालत नाही.

दुसरी जोडी ‘शॉर्ट’ आणि ‘शॉर्टली’. ‘वी विल शिप शॉर्टली’ म्हणजे लवकरच माल पाठवतो. पण निर्यातीच्या व्यवहारात ‘शॉर्ट शिप्ड’ म्हणजे ठरल्यापेक्षा कमी माल पाठवला, आणि त्यावरून पैसे कापण्याचा विषय निघू शकतो. त्यामुळे ‘लवकर’ म्हणायचं असेल तेव्हा तिथला ‘ली’ कधीही गाळू नका, आणि जमलं तर त्याच्यापुढे जहाजाची तारीख लिहा.